दृश्याच्या मापाचे वाक्य

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण पाहून मग निवेदन लिहिले, असे क्वचितच घडते. कार्यक्रमपत्रिका छापून आली की मराठीच्या शिक्षकांकडे काम सोपवले जाते आणि ते एका बैठकीत दोन पाने लिहून देतात. त्यात दीपप्रज्वलन असते, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार असतो, अहवालवाचन, बक्षीस वितरण, विविध गुणदर्शन आणि शेवटी आभार. कार्यक्रम मात्र पत्रिकेबरहुकूम होत नाही. पाहुणे उशिरा येतात, एखादे नृत्य आयत्या वेळी गळते, बक्षिसे ऐन रंगात आली असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपते. नंतर सहा मिनिटांची चित्रफीत जोडायला घेतली की लिहिलेले एकीकडे आणि दिसणारे दुसरीकडे अशी स्थिती होते.

अशा वेळी चित्र बदलता येत नाही. कार्यक्रम होऊन गेलेला असतो, कॅमेरा एक किंवा फार तर दोन असतात, आणि एडिटरने गाण्याच्या ठेक्यावर शॉट जुळवून ठेवलेले असतात. त्यातला एक हलवला की पुढचे सगळे सरकतात. बदलण्याजोगे उरते ते निवेदन. ते एकदम नव्याने लिहिण्यापेक्षा एकेक वाक्य दृश्यासमोर ठेवून तपासणे आणि तेवढेच पुन्हा लिहिणे, ही पद्धत वेळखाऊ वाटली तरी शेवटी तीच लवकर हातावेगळी होते. सगळे नव्याने लिहिले तर तीच चूक नव्या शब्दांत होण्याची शक्यता असते, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा कार्यक्रमच असतो, चित्रफीत नसते.

पहिले काम लिहिण्याचे नसून पाहण्याचे आहे. जोडलेली चित्रफीत आवाज बंद करून सुरुवातीपासून चालवायची आणि प्रत्येक शॉटची नोंद करायची: किती सेकंदांना सुरू होतो, किती सेकंद चालतो, त्यात नेमके काय दिसते. कागदाचे उभे दोन भाग करून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे निवेदन लिहिण्याची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. डावीकडे ‘दीपप्रज्वलन’ असे लिहिणे पुरेसे नाही. ‘समई जवळून, काडी विझते, ५ सेकंद’ असे लिहिले तरच पुढे उपयोग होतो. दुसऱ्यांदा चित्रफीत आवाजासह चालवून मूळ आवाज कुठे चांगला आहे तेही टिपायचे. टाळ्यांचा कडकडाट, लेझमीचा खणखणाट, पडद्यामागून आलेली बाईंची ‘चला, चला’ अशी हाक, हे सगळे निवेदनाचे प्रतिस्पर्धी आहेत. त्यांच्यातले जे जिंकण्यासारखे असेल त्याला जागा आधीच राखून ठेवावी लागते.

मग प्रश्न येतो वेगाचा. निवांत, स्पष्ट मराठी निवेदनात एका सेकंदाला साधारण पाच उच्चारित अक्षरे बसतात, असे धरून चालायला हरकत नाही. शब्द मोजून भागत नाही, कारण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘शाळा’ हाही एक शब्द आणि ‘स्नेहसंमेलनाच्या’ हाही एकच. आकडे तर आणखी फसवतात. ‘१९६२’ हे कागदावर चार खुणांचे दिसते, पण ‘एकोणीसशे बासष्ट’ म्हणायला सव्वा सेकंद जातो. म्हणून निवेदनाच्या प्रतीत आकडे अक्षरी लिहिलेले बरे. ‘करण्यात आले’, ‘संपन्न झाले’ या अहवाली शेपटांचीही किंमत अशीच मोजून पाहावी. प्रत्येक ‘करण्यात आले’ जवळजवळ एक सेकंद खाते आणि त्या सेकंदात ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

एकाच चित्रावर वेगवेगळ्या मापांची वाक्ये बसवण्याचा मोठा अनुभव आपल्याकडे आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. चित्र एकच असे, निवेदन मात्र अनेक भारतीय भाषांत होई. ज्या लांबीत एका भाषेतले वाक्य संपते त्याच लांबीत दुसऱ्या भाषेतले संपेलच असे नाही. त्यामुळे शब्दाला शब्द लावून तिथे काम होणे शक्य नव्हते. दृश्याचा वेळ हेच माप धरावे लागे. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीचे मापही तेच.

आता एक उदाहरण. एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या निवेदनात सुरुवातीचे वाक्य असे आहे, असे समजू: ‘विद्येचे आराध्यदैवत असलेल्या सरस्वतीमातेच्या प्रतिमेचे पूजन आणि दीपप्रज्वलन करून प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते वार्षिक स्नेहसंमेलनाचे मोठ्या उत्साहात उद्घाटन करण्यात आले.’ हे वाचायला सुमारे तेरा सेकंद लागतात. समोर चौदा सेकंदांचे चित्र आहे. पहिले पाच सेकंद समई जवळून दिसते, काडी पेटते आणि विझते. पुढचे सहा सेकंद मुख्याध्यापिका दुसरी काडी ओढतात, दोन मुली ओंजळीचा आडोसा करतात आणि वात धरते. शेवटच्या तीन सेकंदांत सगळे व्यासपीठ दुरून दिसते आणि टाळ्या ऐकू येतात.

लांबीच्या हिशेबाने वाक्य बसले. तेराचे वाक्य, चौदाचे चित्र. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण एकूण वेळ जुळणे आणि वाक्य जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात काडी विझत असताना कानावर ‘सरस्वतीमातेच्या’ पडते. मुख्याध्यापिका पडद्यावर असताना ‘प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते’ ऐकू येते, म्हणजे अनोळखी प्रेक्षक त्यांनाच पाहुण्या समजणार. आणि टाळ्या वाजतात त्या ‘उद्घाटन करण्यात आले’ या शब्दांखाली गाडल्या जातात. शिवाय पाहुणे त्या वेळी व्यासपीठावर नव्हतेच. पत्रिकेत तसे छापले होते, एवढेच.

नवे लेखन शॉट धरून होते. काडी विझली हे सांगायची गरज नाही, ते दिसते. का विझली हे मात्र चित्रात नाही. म्हणून पहिल्या शॉटवर दीड सेकंद शांत जाऊ देऊन वाक्य येते: ‘पंखा बंद करायचा राहून गेला होता.’ हे अडीच सेकंदांचे वाक्य आहे आणि मागे एक सेकंद मोकळा राहतो. दुसऱ्या शॉटवर येते: ‘पाहुणे अजून वाटेत होते. समई मुख्याध्यापिकांनी लावली.’ हे सुमारे साडेचार सेकंदांचे आहे. शॉट सुरू झाल्यावर क्षणभर थांबून ते उचलले, तर ‘लावली’ हा शब्द वात धरते तिथे जाऊन पडतो. तिसऱ्या शॉटवर काहीच नाही. तिथे टाळ्या बोलतात.

या दुरुस्तीत मराठीच्या वाक्यरचनेचा फायदा घेतलेला आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते. त्यामुळे काम पूर्ण होण्याचा क्षण चित्रात जिथे आहे तिथे वाक्याचा शेवट नेऊन ठेवता येतो. आणि बाकीचे शब्द बऱ्यापैकी हलते असल्यामुळे ज्याचा चेहरा आधी दिसतो त्याचे नावही आधी आणता येते. ‘मुख्याध्यापिकांनी समई लावली’ आणि ‘समई मुख्याध्यापिकांनी लावली’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. चित्रात आधी चेहरा आला तर पहिले, आधी समई आली तर दुसरे. शिवाय दुसऱ्या वाक्यात ‘पाहुण्यांनी नव्हे’ हा सूरही आपोआप येतो. एक शब्द काढायचा किंवा घालायचा विचार करण्याआधी शब्दांची जागा बदलून पाहावी. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

याच्या उलट, ‘करून’ आणि ‘केल्यानंतर’ या रूपांवर लक्ष ठेवावे लागते. ती घटनांचा क्रम ठरवून टाकतात. ‘सत्कार स्वीकारून पाहुण्यांनी बक्षिसे दिली’ असे वाक्य असेल आणि एडिटरने बक्षिसांचे शॉट आधी लावले असतील, तर वाक्य आणि चित्र एकमेकांना खोटे पाडतात. अशी जोडवाक्ये तोडून दोन सुटी वाक्ये केली की प्रत्येक आपापल्या दृश्याबरोबर फिरू शकते. ‘ही’, ‘इथे’, ‘या’ असे दाखवणारे शब्दही दृश्याला घट्ट बांधलेले असतात. शाळेच्या इमारतीचा चार सेकंदांचा शॉट असेल तर ‘सन १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या प्रशालेने’ अशी लांबण सुरू करण्यापेक्षा ‘ही शाळा १९६२ची’ एवढे पुरते. दोन सेकंदांत ते संपते. मात्र ‘ही’ म्हणताना इमारत पडद्यावर असायलाच हवी. अर्धा सेकंद उशीर झाला आणि पुढचा शॉट मुलांच्या चपलांचा असला, तर फजिती ठरलेली.

लेझमीचा भाग वेगळ्याच कारणाने अवघड आहे. मूळ वाक्य: ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थिनींनी पारंपरिक लेझीम नृत्याचे बहारदार सादरीकरण करून उपस्थितांची मने जिंकली.’ आठ सेकंदांचे वाक्य, चित्र बावीस सेकंदांचे. जागा भरपूर आहे, पण ती निवेदनाची नाही. लेझमीच्या लोखंडी चकत्यांचा आवाज उंच पट्टीतला असतो आणि बोलण्यातले स, श, च हे वर्णही त्याच पट्टीत ऐकू येतात. दोन्ही एकत्र आले की शब्द झिजल्यासारखे वाटतात. मग एडिटर लेझमीचा आवाज खाली ओढतो आणि नाच मुका होतो. यावर उपाय आवाजाच्या पट्टीत शोधू नये, तो लिहिण्यातच आहे. पहिले पाच सेकंद पावलांचा जवळचा शॉट आहे, तिथे पूर्ण आवाज सोडायचा. पुढे नऊ सेकंद सगळा घोळका दुरून दिसतो. तिथे आवाज थोडा उतरवून साडेचार सेकंदांचे एकच वाक्य: ‘सातवीच्या मुलींनी महिनाभर मधल्या सुट्टीत याचा सराव केला होता.’ हे वाक्य ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर सुरू करू नये. ती मात्रा ऐकू जाऊ द्यावी आणि मग बोलावे. उरलेल्या शॉटवर, म्हणजे एका मुलीच्या चेहऱ्यावर आणि मग प्रेक्षकांवर, लेझीम पुन्हा पूर्ण आवाजात.

‘उपस्थितांची मने जिंकली’ हे का गेले, याचेही कारण आहे. त्या जागी प्रेक्षकांचा जो शॉट आहे त्यात एक आजी ताठ बसून बघताहेत आणि त्यांच्या शेजारचा लहानगा जांभई देतो आहे. निवेदन एक म्हणते आणि चित्र दुसरे दाखवते तेव्हा प्रेक्षक चित्रावर विश्वास ठेवतो आणि निवेदनाला हसतो. ‘बहारदार’, ‘नेत्रदीपक’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ या शब्दांना नेमका हा धोका असतो. शाळांच्या निवेदनांत ते सवयीने येतात आणि त्यातले बहुतेक पडद्यासमोर टिकत नाहीत. संख्येचेही तसेच. ‘चोवीस मुली’ म्हटले आणि चौकटीत नऊच दिसल्या की बघणारा उरलेल्या शोधत बसतो. संख्या सांगायचीच असेल तर ती सगळ्या दिसतात त्या दूरच्या शॉटवर सांगावी.

सर्वात जोखमीचा भाग बक्षीस वितरणाचा. संहितेत चौदा नावे यादीच्या क्रमाने आहेत. चित्रात नऊ मुले दिसतात, प्रत्येक जण सुमारे तीन सेकंद, आणि त्यांचा क्रम यादीचा नाही. उरलेली पाच बॅटरी बदलताना निसटली. नाव आणि इयत्ता म्हणायला दीड ते दोन सेकंद लागतात, म्हणजे वेळेच्या दृष्टीने नऊ नावे बसू शकतील. तरीही ती निवेदनात घेऊ नयेत. एक कारण असे की नऊ वेळा एकाच चालीत नाव-इयत्ता ऐकणे म्हणजे हजेरी ऐकणे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: एका मुलीच्या चेहऱ्यावर दुसरीचे नाव गेले तर ती चूक त्या घरात वर्षानुवर्षे दाखवली जाते. नावे पडद्याच्या खालच्या पट्टीवर लिहावीत आणि प्रत्येक चेहरा वर्गशिक्षकांकडून ओळखून घ्यावा. केवळ यादीवरून अंदाज करू नये. निसटलेल्या पाच जणांसाठी नंतर काढलेले छायाचित्र आणि त्यावर नावे, हा एवढाच प्रामाणिक मार्ग आहे. दुसऱ्या मुलांच्या शॉटवर त्यांची नावे उच्चारून वेळ मारून नेता येत नाही.

नावे पट्टीवर गेली की निवेदनाला सत्तावीस सेकंदांच्या या तुकड्यात एकच काम उरते, बक्षिसे कशाची ते सांगणे. ‘वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्यांचाही या वर्षी मान राखला’ असे एखादे वाक्य पुरते, तेही खरोखर तसे बक्षीस असेल आणि ते घेणारे मूल त्या क्षणी दिसत असेल तरच.

पाहुण्यांच्या भाषणाचे वाक्य प्रत्येक शाळेत जवळपास सारखेच असते: पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले. समोर पाहुणे बोलताना दिसत असतील तर हे वाक्य त्यांच्याच तोंडावर हात ठेवते. चित्रीकरणात त्यांच्या भाषणातले पंधरा-वीस सेकंद स्वच्छ ऐकू येत असतील, तर तेच ठेवावेत आणि निवेदनाने फक्त दार उघडावे. समजा, पाहुणे सांगत आहेत की याच व्यासपीठावर नाटकात आपण संवाद विसरलो होतो. त्याआधी ते चालत येतानाचा चार सेकंदांचा शॉट आहे. त्यावर ‘प्रमुख पाहुणे याच शाळेचे माजी विद्यार्थी’ एवढे म्हणावे. संवाद विसरल्याची गोष्ट निवेदनात आधी सांगू नये. ती दोनदा ऐकली की दुसऱ्यांदा कुणी हसत नाही. निवेदनाचे शेवटचे अक्षर आणि पाहुण्यांचे पहिले अक्षर यांत निदान अर्धा सेकंद हवा, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत अडकतात. भारतात सहसा सेकंदाला पंचवीस चौकटी धरून काम होते. त्या हिशेबाने बारा-तेरा चौकटी मोकळ्या सोडल्या की झाले.

स्वागतगीत, अहवालवाचन आणि आभार यांवर फार वेळ घालवण्याची गरज नसते. गाण्यावर बोलायचे नाही, अहवालातली एखादी बाब चित्रात दिसत असेल तर घ्यायची, आणि आभाराची लांबलचक यादी शेवटच्या नामावलीत द्यायची. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावे निवेदनात हवीतच, असा आग्रह अनेकदा होतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा सुरुवातीच्या पाटीवर ती ठळक अक्षरांत, पदांसह आणि मानाच्या क्रमाने घ्यावीत. कानावरून निसटण्यापेक्षा पाटीवर दिसलेले नाव सगळ्यांनाच अधिक आवडते.

एकेक वाक्य सुटे करून दुरुस्त केल्याचा एक दुष्परिणाम असतो, तो शेवटी निस्तरावा लागतो. प्रत्येक वाक्य आपल्या शॉटवर चपखल बसते, पण सलग ऐकले की सगळे तुकडे तुकडे वाटतात. काही ठिकाणी सर्वनामे अनाथ होतात. ‘त्यांच्या हस्ते’ उरते आणि ‘ते’ कोण हे सांगणारे वाक्य दुरुस्तीत कापले गेलेले असते. वरच्या उदाहरणात पाहुणे वाटेत असल्याचे सांगितले आहे, म्हणून ते आल्याचेही कुठेतरी कळले पाहिजे, नाहीतर बक्षिसे देणारी व्यक्ती कोण हा प्रश्न उरतो. काळही डळमळतो. काही वाक्ये ‘लावली’, काही ‘लावत आहेत’. झालेल्या कार्यक्रमाला भूतकाळ सोयीचा. वर्तमानकाळ घ्यायचा तर तो पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत. म्हणून सगळी दुरुस्ती झाल्यावर निवेदन चित्राशिवाय, नुसते मोठ्याने वाचून पाहावे. लागोपाठ चार वाक्ये ‘होते’वर संपत असतील तर कानाला लगेच कळते. त्यांतल्या एखाद्याचे क्रियापद सरळ गाळता येते: ‘सातवीच्या मुली, महिनाभराचा सराव.’

पक्के ध्वनिमुद्रण करण्याआधी मोबाइलवर कच्चा आवाज भरून तो चित्रफितीला लावून बघणे अत्यावश्यक आहे. मनातल्या मनात वाचताना माणूस जोडाक्षरे गिळतो आणि श्वास घेत नाही, त्यामुळे कागदावर चार सेकंदांचे वाटलेले वाक्य तोंडून पाच सेकंदांचे निघते. लिहिणारा आणि वाचणारा वेगळे असतील तर वाचणाऱ्याच्याच वेगाने मोजावे. वाक्य शॉटबाहेर गेले तर वाचणाऱ्याला ‘जरा भरभर घ्या’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. एका वाक्याचा वेग वाढला की ते शेजारच्या वाक्यांत वेगळे उठून दिसते. आवाज यंत्राने आवळला तर आणखीच. आधी विशेषण काढावे, मग अहवाली शेपूट, मग एखादा जोडशब्द सोपा करावा, जसे ‘विद्यार्थिनींनी’ऐवजी ‘मुलींनी’. एवढे करूनही वाक्य मावत नसेल तर त्यात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. त्यातली एक दुसऱ्या शॉटवर न्यावी किंवा सोडून द्यावी.

कच्च्या आवाजासह चित्रफीत दोनदा बघायची. एकदा डोळे मिटून, म्हणजे निवेदन आणि मूळ आवाज कुठे भांडतात ते ऐकू येते. दुसऱ्यांदा, त्या कार्यक्रमाला हजर नसलेल्या कुणाला तरी शेजारी बसवून. तो ज्या क्षणी ‘या कोण?’ किंवा ‘हे कधी झाले?’ असे विचारेल तिथले वाक्य अजून चित्राला बसलेले नाही. तिथली वेळ टिपून घ्यायची आणि कागदाच्या उजव्या बाजूला तेवढेच वाक्य पुन्हा लिहायचे. ध्वनिमुद्रणाच्या प्रतीवर मग प्रत्येक वाक्यापुढे ते सुरू होण्याची वेळ लिहितात, आणि जिथे गप्प राहायचे तिथे ‘टाळ्या, ३ सेकंद’ अशी नोंद करतात, म्हणजे वाचणारा ती जागा चुकून भरत नाही.